चादरींच्या कपाटातली पट्टी आणि अर्धवट उघडलेला मॉसफेट

सोलापूरच्या नवी पेठेत आमच्या दाजींचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दर्शनी भागात काचेचं कपाट, त्यात तीन फळ्या आणि प्रत्येक फळीच्या कडेखाली एक मीटर बारा व्होल्टची एलईडी पट्टी. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरायच्या आधी मी ती बसवून दिली होती. आर्डुइनो नॅनो, एक IRFZ44N मॉसफेट आणि बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय, एवढंच सामान. उजेड कमीजास्त करायला एक गोल बटण. तीन महिने सगळं व्यवस्थित चाललं.

एप्रिलमध्ये दाजी म्हणाले, "गल्ल्यावर बसून फोनवरून कमीजास्त होत नाही काय ओ?" होतं की. नॅनो काढला, वायफायवाला ईएसपी३२ लावला, मॉसफेटला हात लावला नाही. चालू केलं तर पट्टी मंद. फोनवर शंभर टक्के करा नाहीतर साठ, फरक किरकोळच. पाच मिनिटांनी प्लास्टिक तापल्याचा वास यायला लागला. मॉसफेटच्या पत्र्याला बोट लावलं आणि लगेच तोंडात घातलं.

सर्किटमध्ये बदललं होतं ते एवढंच: नॅनोच्या पिनमधून पाच व्होल्ट निघतात, ईएसपी३२ च्या पिनमधून ३.३. पट्टीसाठी मॉसफेट निवडताना घोटाळा होतो तो बहुतेक वेळा याच आकड्यापाशी.

मॉसफेटला तीन पाय. बारा व्होल्टचं प्लस सरळ पट्टीला जातं. पट्टीचं मायनस ड्रेनला, सोर्स सप्लायच्या मायनसला, आणि गेटला कंट्रोलरची पिन. गेट आणि सोर्स यांच्यात किती व्होल्ट आहेत त्यावर ड्रेन ते सोर्स वाट किती मोकळी होणार ते ठरतं. सोलापूरकरांना हे समजायला सोपं आहे. काही दिवसांआड पाणी येतं, चावीवाला येतो आणि गल्लीतला व्हॉल्व्ह फिरवतो. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात नुसती तोटी ओली होते. घागर भरायची तर व्हॉल्व्ह पुरता उघडावा लागतो.

IRFZ44N च्या डेटाशीटमध्ये एक ओळ असते, `VGS(th)`, आणि तिच्यापुढे लिहिलेलं असतं २ ते ४ व्होल्ट. मीही पूर्वी असंच वाचायचो की दोन ते चार व्होल्टला मॉसफेट चालू होतो, म्हणजे ३.३ ला जमून जाईल. पण त्याच ओळीत कडेला बारीक अक्षरात अट असते: हा आकडा २५० मायक्रोअँपिअरला मोजलेला आहे. म्हणजे पाव मिलिअँपिअर. दाजींच्या तीन मीटर पट्टीला लागतात साधारण ३.२ अँपिअर, त्याच्या बारा हजार पटींहून जास्त. तर ही ओळ सांगते तोटी ओली कधी होते ते. घागर कधी भरते हे सांगणारी ओळ दुसरी आहे.

तिचं नाव `RDS(on)`, म्हणजे पुरता उघडल्यावर वाटेत उरणारा रोध. IRFZ44N साठी तिथे १७.५ मिलिओहम लिहिलंय. फारच छान आकडा आहे, पण कडेची अट वाचा: गेटला दहा व्होल्ट. पाच व्होल्टला किती, ते लिहिलेलंच नाही. ३.३ ला तर नाहीच नाही. नॅनोवर तो तीन महिने चालला कारण माझ्या हातात आलेला नग सरासरीतला होता आणि पाच व्होल्टला तीनेक अँपिअर त्याला पेलले. त्याच पाकिटातला दुसरा नग चारला जेमतेम जागा होणारा निघाला असता, तरी कंपनीच्या लेखी तो निर्दोषच ठरला असता. मग ३.३ व्होल्टला काय होणार ते उघड आहे. व्हॉल्व्ह अर्धाच फिरला.

आता तापला का, ते बघू. मल्टीमीटर ड्रेन आणि सोर्सवर धरला तर दीड व्होल्ट दाखवत होता. म्हणजे पट्टीला बारा न मिळता साडेदहाच मिळत होते. या पट्ट्यांमध्ये तीन-तीन एलईडी एका रांगेत आणि त्यांच्यासोबत एक छोटा रेझिस्टर असतो. तीन एलईडी मिळूनच नऊ व्होल्टच्या आसपास खातात, त्यामुळे दीड व्होल्ट कमी झाले की करंट निम्म्याच्याही खाली येतो. माझ्या मीटरवर १.४ अँपिअर आला. दीड व्होल्ट गुणिले १.४ अँपिअर म्हणजे २.१ वॉट, आणि हे सगळे वॉट मॉसफेटच्या अंगात. या मोठ्या तीन पायांच्या पॅकेजला हीटसिंक नसेल तर दर वॉटमागे आतलं तापमान साधारण ६२ अंशांनी वाढतं. म्हणजे १३० अंशांची वाढ. बंद कपाटात एप्रिलचे चाळीस अंश आधीच होते. बेरीज १७०, आणि या मॉसफेटची कमाल मर्यादा १७५. जळला नाही हेच नवल.

पुरता उघडला तर हाच हिशोब किती बदलतो बघा. समजा नॅनोच ठेवला असता, म्हणजे गेटला पाच व्होल्ट, आणि मॉसफेट IRLZ44N घेतला असता. नावात फक्त एका अक्षराचा फरक. त्या `L` चा अर्थ लॉजिक-लेव्हल, म्हणजे कंट्रोलरच्या पाच व्होल्टवर पुरता उघडणारा. याच्या डेटाशीटमध्ये पाच व्होल्टची वेगळी ओळ आहे: २५ मिलिओहम.

`P = I² × R = 3.2 × 3.2 × 0.025 = 0.26 W`

पाव वॉट. सोळा अंशांची वाढ. हात लावला तर कोमट लागेल, बस. दुकानदाराने "तेच आहे, घ्या" म्हणून एलच्या जागी पुन्हा एफ दिला तर मात्र पुन्हा पहिले पाढे.

पाच व्होल्टचा बोर्ड असेल आणि पाच मीटरची अख्खी रीळ एकाच मॉसफेटवर चालवायची असेल तर मात्र जरा थांबा. मीटरला साठ मोठे एलईडी असलेली, १४.४ वॉटची पट्टी मीटरमागे १.२ अँपिअर घेते. पाच मीटरला सहा. करंट दुपटीपेक्षा कमी वाढला, पण सूत्रात तो वर्गात आहे, म्हणून उष्णता साडेतीन पट होते: ०.९ वॉट, ५६ अंशांची वाढ. मे महिन्यात सोलापुरात सावलीतच बेचाळीस असतात. आत शंभराच्या घरात गेलो, आणि तापलेल्या मॉसफेटचा रोध आणखी वाढतो, म्हणजे हिशोब कागदावरच्यापेक्षा वाईटच. पुण्याच्या कुणा मित्राने "मला हीटसिंक लागला नाही" सांगितलं तरी आपण लावावा. मात्र एक सांभाळा, या पॅकेजचा पत्रा ड्रेनलाच जोडलेला असतो. दोन मॉसफेट एकाच पत्र्यावर सरळ आवळले तर दोन्ही पट्ट्या आतून एक होतात.

आता दाजींचा ईएसपी३२. ३.३ व्होल्टवर IRLZ44N चालतो का? बऱ्याचदा चालतो. पण त्याची शेवटची ओळ चार व्होल्टला संपते, ३५ मिलिओहमवर. त्याखाली हमी नाही. आपल्याला हवा असा नग, ज्याच्या डेटाशीटात ३.३ किंवा त्याहून कमी व्होल्टची `RDS(on)` छापलेली आहे. माझी निवड AO3400A. तो गव्हाच्या दाण्याएवढा, बोर्डावर चिकटवायचा असतो, पण त्याची ओळ अडीच व्होल्टपर्यंत जाते: जास्तीत जास्त ४८ मिलिओहम. ड्रेनला ३० व्होल्ट सहन करतो, बारा व्होल्टच्या कामाला ते पुरेत.

एवढ्या छोट्या जिवावर ३.२ अँपिअर टाकायला माझं मन घेईना. ४८ मिलिओहम धरून अर्धा वॉट होतो, आणि या पॅकेजला वॉटमागे शंभर-सव्वाशे अंशांची वाढ धरावी लागते. साठेक अंश. चालेल, पण उन्हाळ्यात झोप लागणार नाही. म्हणून तीन फळ्यांना तीन मॉसफेट दिले. प्रत्येकावर १.१ अँपिअर, उष्णता जेमतेम ०.०६ वॉट, वाढ सात-आठ अंश. करंट तीन हिश्श्यांत वाटला की प्रत्येकाची उष्णता नऊ पट कमी होते, त्या वर्गाचा हा फायदा. शिवाय प्रत्येक फळीचा उजेड वेगळा करता येतो; दाजी वरच्या फळीवरच्या भारी चादरींना जास्त उजेड देतात आणि खालच्या टॉवेलांना कमी. धंदा त्यांना कळतो.

बाजारात नकली नग येतात, म्हणून बसवण्याआधी एक चाचणी करतो. गाडीच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब पट्टीच्या जागी लावायचा, तो १.७५ अँपिअर घेतो. गेटला दोन नवे पेन्सिल सेल द्यायचे, साधारण तीन व्होल्ट, आणि सेलचं मायनस सोर्सला. मग ड्रेन-सोर्समधले मिलिव्होल्ट मोजायचे. AO3400A असेल तर ऐंशीच्या आत दिसायला हवेत. IRFZ44N लावून बघा, आकडा व्होल्टांत दिसेल आणि बल्ब लालसर राहील. खोटा नग इथेच उघडा पडतो. छोटा नग फार वेळ तापवत ठेवू नका, दहा सेकंद पुरेत.

राहिला गेटचा रेझिस्टर. "गेट करंट घेत नाही, मग रेझिस्टर कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. स्थिर अवस्थेत गेट खरंच काही घेत नाही. पण आतून तो एक छोटा कपॅसिटर आहे, आणि रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखा वागतो. पिन वर गेली की तो क्षणभर मिळेल तेवढा करंट ओढतो. रेझिस्टर त्या ओढीला लगाम घालतो. ईएसपी३२ ला मी १५० ओहम लावले: ३.३ भागिले १५०, म्हणजे पहिल्या क्षणी २२ मिलिअँपिअर, पिनला सोसतील असे. पाच व्होल्टच्या आर्डुइनोला २२० ओहम लावा, तिथेही आकडा तेवीसच्या आसपास येतो. याचं दुसरं काम म्हणजे गेटची वायर लांब असेल तर उघडझाप होताना जी थरथर उठते ती दाबणं. ती दाबली नाही तर शेजारचा रेडिओ खरखरतो.

मग मोठाच का लावू नये? कुणीतरी दहा किलोओहम गेटच्या मार्गात लावलेला मी पाहिलाय, "सेफ्टी" म्हणून. IRLZ44N चा गेट भरायला पाच व्होल्टला जास्तीत जास्त ४८ नॅनोकुलंब लागतात. २२० ओहममधून ते चार-पाच मायक्रोसेकंदांत भरतात. दहा किलोओहममधून त्याला पंचेचाळीस पट वेळ, दोनशे मायक्रोसेकंद. उजेड कमी करायला आर्डुइनोचा नेहमीचा पीडब्ल्यूएम मॉसफेटची सेकंदाला ४९० वेळा उघडझाप करतो, एक फेरी दोन हजार मायक्रोसेकंदांची. म्हणजे प्रत्येक फेरीत दोनदा, उघडताना आणि मिटताना, मॉसफेट बराच वेळ त्याच अर्ध्या फिरवलेल्या व्हॉल्व्हसारखा लटकतो. नग बरोबर, व्होल्ट बरोबर, तरी तापतो. ओळखायची खूण अशी: पूर्ण उजेडाला गार आणि निम्म्या उजेडाला गरम असेल, तर दोष या रेझिस्टरचा किंवा फार वाढवलेल्या पीडब्ल्यूएमचा. पूर्ण उजेडालाच गरम असेल तर गेटला व्होल्ट कमी पडतायत.

दहा किलोओहमची खरी जागा वेगळी आहे: गेट ते सोर्स. ईएसपी३२ चालू होताना काही क्षण त्याच्या पिना कुणाच्याच नसतात, आणि तरंगता गेट हवेतून काहीही उचलतो. तो रेझिस्टर नसेल तर वायरजवळ हात नेला तरी पट्टी मिणमिणते; भूत वगैरे काही नाही. वीज गेली-आली की सगळ्या फळ्या भपकन पूर्ण उजेडाने पेटतात तेही याच कारणाने. पिनसुद्धा निवडून घ्याव्यात. ०, २, ५, १२, १५ या पिना ईएसपी३२ चालू होताना स्वतःच्या कामासाठी वाचतो, म्हणून मी २५, २६, २७ घेतल्या.

```
void setup() {
  ledcAttach(25, 1000, 8);
  ledcAttach(26, 1000, 8);
  ledcAttach(27, 1000, 8);
  ledcWrite(25, 200);
  ledcWrite(26, 120);
  ledcWrite(27, 80);
}
void loop() {}
```

हा ईएसपी३२ च्या आर्डुइनो पॅकेजच्या ३.० किंवा नंतरच्या आवृत्तीचा कोड आहे. हजार हर्ट्झ, उजेडाच्या २५६ पायऱ्या. फोनचा भाग यावर चढवायचा, पण मॉसफेट थंड आहे हे आधी एवढ्यावरच बघून घ्या.

जोडणीत दोन चुका वारंवार दिसतात. एक, ईएसपी३२ मोबाईलच्या चार्जरवर आणि पट्टी वेगळ्या सप्लायवर, पण दोघांचं मायनस जोडलेलंच नाही. गेटचे ३.३ व्होल्ट हे सोर्सच्या तुलनेत मोजले जातात. मायनस एक नसेल तर तुलना कशाशी करणार? पट्टी एक तर पेटत नाही, नाहीतर लहरीप्रमाणे पेटते. दुसरी, ड्रेन आणि सोर्स उलटे लावणं. मॉसफेटच्या पोटात एक डायोड असतोच, उलटं लावलं की करंट त्यातून वाहतो आणि पट्टी कायम पेटलेली राहते. गेट सोर्सला टेकवूनही पट्टी बंद होत नसेल तर आधी पाय तपासा. मोठ्या पॅकेजला छापील बाजू समोर धरली की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. AO3400A ला एकटा पाय वर धरला की तो ड्रेन, खाली डावीकडे गेट आणि उजवीकडे सोर्स. सप्लायच्या प्लसवर पाच अँपिअरचा फ्यूज टाकलाय. पट्टीचं कापलेलं टोक पत्र्याच्या कडेला टेकलं तर वायर जळण्याआधी तो जातो.

हे झाल्यावर दाजींना गल्ल्याच्या ड्रॉवरला बारा व्होल्टचं सोलेनॉइड कुलूपही हवं झालं. चौथा AO3400A, पिन ३३, तीच जोडणी. दोन दिवस छान चाललं, तिसऱ्या दिवशी ड्रॉवर सतत उघडाच, कुलूप ओढून धरलेलं आणि भाजण्याइतकं गरम. पट्टी आणि कुलूप यांत फरक हा की कुलपात तारेचं वेटोळं आहे. करंट अचानक तोडला की वेटोळं तो चालू ठेवायला धडपडतं आणि ड्रेनवर क्षणभर व्होल्टेज सप्लायच्या कितीतरी पट उसळतं. तीस व्होल्टची मर्यादा ते दर वेळी ओलांडत होतं. मॉसफेट मेला की बहुतेकदा ड्रेन-सोर्स शॉर्ट होऊन मरतो, म्हणून वस्तू बंद पडण्याऐवजी कायम चालू राहते. वीज काढून मल्टीमीटर बीपवर ठेवला, ड्रेन-सोर्सवर दोन्ही दिशांनी शिट्टी वाजली. चांगला नग एकाच दिशेने, आणि तोही फक्त डायोडचा अर्ध्या व्होल्टच्या आसपासचा आकडा दाखवतो.

औषध दोन रुपयांचं होतं: कुलपाच्या दोन टोकांवर उलटा 1N4007 डायोड, पट्टा असलेली बाजू बारा व्होल्टच्या प्लसकडे. छोट्या पंपालाही हेच. पंपाचा वेग पीडब्ल्यूएमने बदलणार असाल तर 1N4007 सावकाश पडतो, तिथे पंपाच्या करंटला पुरेल असा शॉटकी डायोड लावायचा. एक अँपिअरपर्यंत 1N5819 चालतो. कूलरच्या पंपावर मात्र हा प्रयोग करू नका. बहुतेक कूलरचे पंप २३० व्होल्ट एसीचे असतात, आणि हा मॉसफेट ते काम करू शकत नाही.